आठ उपनमुने आणि काढून टाकावासा वाटलेला एक आकडा

पार्श्वभूमी

प्रश्न वरवर साधा होता. ज्या घरात किमान एक माणूस दीर्घकाळच्या आजारासाठी रोज औषध घेतो, अशी घरं शेकडा किती? उत्तरावरून औषधांचा साठा ठरणार होता. पाहणीचा आराखडा आखण्याचं काम माझ्याकडे होतं.

सगळा प्रदेश आम्ही पाच स्तरांत विभागला. प्रत्येक स्तरातून वस्त्या निवडायच्या आणि निवडलेल्या वस्तीत घरांची यादी करून ठराविक अंतराने १५ घरं घ्यायची, असं ठरलं. मोठ्या वस्तीला निवडून येण्याची संधी तिच्या घरसंख्येच्या प्रमाणात जास्त होती. एकूण ८० वस्त्या, म्हणजे १,२०० घरं. हाताशी आठ प्रगणक आणि दोन पर्यवेक्षक. माहिती गोळा झाल्यावर प्रत्येक घराला भार, म्हणजे ते घर प्रदेशातल्या किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा, द्यायचा आणि माणसांचे वयोगट जनगणनेच्या आकड्यांशी जुळतील असे ते भार शेवटी थोडे सुधारायचे होते.

अडचण

टक्केवारी काढणं सोपं होतं. पण साठा ठरवणाऱ्या अधिकारी बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “तुमचा आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो, ते मला सांगा. आणि तुम्ही तो कसा काढला, ते मला स्वतःला तपासता आलं पाहिजे.”

पाठ्यपुस्तकातलं सर्वांत सोपं सूत्र इथे लागू पडत नव्हतं. १,२०० घरं एकेकटी, चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तर २६ टक्क्यांच्या आसपासच्या आकड्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याच्या योगायोगाने तो साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप, सुमारे १.३ टक्के आली असती. आमची घरं मात्र वस्तीवस्तीने १५-१५च्या घोळक्यात होती, आणि एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. ज्या वस्तीत वयस्कर माणसं जास्त, तिथे औषधं घेणारी घरंही जास्त. त्यामुळे पंधरावं घर पहिल्या घराइतकी नवी माहिती देत नाही. त्यात भार असमान, वयोगटांची जुळवणी वेगळी, आणि प्रश्न विचारणारी माणसंही आठ वेगवेगळी. हे सगळं एका सूत्रात बसवता येतं, पण ते सूत्र मांडून बाईंच्या हातात देणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

साध्या सूत्राचं उत्तर घ्यायचं आणि वस्त्यांच्या घोळक्यासाठी त्याला अंदाजाने दीडपट किंवा दुप्पट करायचं, हा एक मार्ग. तो फार ठिकाणी वापरला जातो, पण ते ‘दीडपट’ कुठून आलं याचं उत्तर आमच्याकडे नसतं.

पाहणीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर वापरणं हा दुसरा मार्ग. स्तराचा आणि वस्तीचा क्रमांक दिला, की ते वस्त्यांमधल्या फरकावरून प्रसरण, म्हणजे प्रमाण त्रुटीचा वर्ग, काढतं. मला यात एक गोष्ट खटकत होती. सॉफ्टवेअर प्रत्येक वस्ती इतरांपासून स्वतंत्र आहे असं धरतं. पण एकाच प्रगणकाने केलेल्या दहा वस्त्यांत त्याची विचारण्याची सवय सारखीच उतरते, आणि ती गोष्ट या हिशेबात शिरत नाही.

तिसरा मार्ग परस्परव्यापी उपनमुन्यांचा. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या पाहण्यांत तो वापरात आणला. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही उपनमुने आले. कल्पना अशी की एक मोठा नमुना घेण्याऐवजी त्याच पद्धतीने अनेक छोटे नमुने घ्यायचे. प्रत्येक छोटा नमुना संपूर्ण प्रदेशावर पसरलेला असतो, त्याची निवड इतरांपासून स्वतंत्र असते आणि तो एकटाही सगळ्या प्रदेशाचा अंदाज देऊ शकतो. मग प्रत्येकातून तीच टक्केवारी तीच रीत वापरून काढायची. हे आकडे एकमेकांपासून जितके विखुरलेले, तितकी अनिश्चितता मोठी. घोळक्याचा परिणाम, भारांचा परिणाम, प्रगणकांचा परिणाम, हे सगळं त्या विखुरण्यात आपोआप उतरतं. अंदाज काढण्याची रीत कितीही गुंतागुंतीची असो, प्रसरण काढायला बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि भागाकार एवढंच लागतं.

आम्ही हाच मार्ग घेतला. मुख्य कारण बाईंची तपासण्याची अट.

पहिला निर्णय: उपनमुने किती

दोनच उपनमुने घेतले, तर हिशेब सर्वांत सोपा. दोन आकड्यांच्या फरकाचा वर्ग करून चाराने भागला, की त्यांच्या सरासरीचं प्रसरण मिळतं. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक स्तरात दोन उपनमुने ठेवून हीच रीत वापरली गेली आहे, आणि तिथे ती चालते, कारण स्तर खूप असतात आणि शेकडो फरक एकत्र जमा होतात. आमचे स्तर फक्त पाच. सगळ्या प्रदेशासाठी एकच फरक घेतला असता तर तो योगायोगाने शून्याच्या जवळ येऊ शकला असता, आणि आम्ही खोट्या खात्रीने अहवाल लिहिला असता.

वीस उपनमुने घेतले असते, तर प्रत्येकात चारच वस्त्या आल्या असत्या. पाच स्तरांत चार वस्त्या बसत नाहीत, म्हणजे एखादा स्तर सुटणार. स्तर सुटला की उपनमुना सगळ्या प्रदेशाचा राहत नाही.

आठ हा आकडा मधला. प्रत्येक उपनमुन्यात दहा वस्त्या, प्रत्येक स्तरातून दोन. शिवाय प्रगणक आठ, म्हणजे प्रत्येकाला एक पूर्ण उपनमुना देता येत होता. आठ आकड्यांवरून काढलेली प्रमाण त्रुटी स्वतःच साधारण पाव भागाने इकडेतिकडे असू शकते. एवढी अचूकता आम्हाला पुरेशी वाटली.

दुसरा निर्णय: निवड आणि वाटप

इथे आमची चूक होता होता वाचली. माझ्या सहकाऱ्याने सोयीसाठी ८० वस्त्यांची एकच निवड केली होती आणि यादीतल्या पहिल्या दहा वस्त्या उपनमुना १, पुढच्या दहा उपनमुना २, अशी विभागणी केली होती. यादी भौगोलिक क्रमाने होती. म्हणजे आठ उपनमुने हे प्रदेशाचे आठ तुकडे झाले असते, आणि त्यांच्यातला फरक हा भागाभागांतला फरक ठरला असता. त्यातून मिळणारं प्रसरण उगाचच फुगलेलं असतं. उपनमुने एकमेकांत मिसळलेले असले पाहिजेत, ‘परस्परव्यापी’चा अर्थच तो.

म्हणून निवड आठ वेळा केली. प्रत्येक वेळी प्रत्येक स्तरासाठी यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून नवा आरंभबिंदू घेतला आणि त्यापुढे ठराविक अंतराने वस्त्या उचलल्या. एका उपनमुन्यात आलेली वस्ती दुसऱ्याच्या यादीतून वगळली नाही. दोन मोठ्या वस्त्या दोनदा निवडल्या गेल्या, तेव्हा पर्यवेक्षकांनी त्या बदलून देण्याची विनंती केली. आम्ही बदलल्या नाहीत. त्या वस्त्यांत दोन वेगवेगळ्या प्रगणकांनी दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र निवडलेल्या १५ घरांत मुलाखती घेतल्या. बदली दिली असती, तर एक उपनमुना दुसऱ्यावर अवलंबून झाला असता.

प्रगणकांच्या वाटपावर बराच वाद झाला. क्षेत्रकाम सांभाळणाऱ्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक प्रगणकाला जवळजवळच्या दहा वस्त्या द्याव्यात, प्रवास वाचेल. ते खरंच होतं. पण मग प्रत्येक उपनमुन्यात सगळ्याच प्रगणकांचं काम मिसळलं असतं, आणि प्रगणकाच्या सवयीचा परिणाम उपनमुन्यांच्या फरकात दिसलाच नसता. प्रत्येकाला एक उपनमुना दिला, तर तो परिणाम दिसतो, पण प्रत्येकाला पाचही स्तर फिरावे लागतात. आम्ही दुसरं निवडलं, आणि तीस दिवसांचं ठरलेलं काम अडतीस दिवसांवर गेलं. या पद्धतीचा खरा खर्च हाच.

तिसरा निर्णय: भार प्रत्येक उपनमुन्यात पुन्हा

भार जनगणनेशी जुळवण्याचं काम आधी एकत्रित १,२०० घरांवर एकदाच केलं होतं, आणि तेच भार आठ भागांत वापरले होते. ते चुकीचं होतं. एकत्रित जुळवणीने सगळ्या नमुन्यात वयोगट बरोबर बसतात, पण एकेकट्या उपनमुन्यात बसत नाहीत. मग एका उपनमुन्यात वयस्कर माणसं योगायोगाने जास्त असली, की त्याची टक्केवारी वर जाते. अंतिम अंदाजात हा योगायोग जुळवणीने काढलेला असतो, पण उपनमुन्यांच्या फरकात तो तसाच राहतो आणि प्रसरण गरजेपेक्षा मोठं दिसतं.

नियम साधा आहे: अंतिम आकडा काढताना जे जे केलं, ते सगळं प्रत्येक उपनमुन्यावर सुरुवातीपासून वेगळं करायचं. आम्ही तसं करायला घेतलं तेव्हा दहा वयोगटांपैकी काहींत एखाद्या उपनमुन्यात चार-पाचच माणसं निघाली आणि भार वेडेवाकडे झाले. म्हणून दहाचे चार वयोगट केले, एकत्रित अंदाजासाठीही तेच चार.

आठ आकडे

उपनमुना १ ते ८ यांच्या टक्केवाऱ्या अशा आल्या:

२२, २९, २४, १९, २७, ३७, २३, २७

बेरीज २०८, सरासरी २६. सगळी १,२०० घरं एकत्र घेऊन काढलेला अंदाज २५.८. हे दोन आकडे जवळ आहेत का, ते मी नेहमी आधी पाहतो. ते दूर असतील तर उपनमुने फार छोटे पडताहेत आणि त्यांच्या अंदाजांतच कल, म्हणजे एकाच बाजूला झुकणारी चूक, शिरला आहे, असं समजायचं.

आता प्रत्येक आकड्यातून २६ वजा केले: −४, ३, −२, −७, १, ११, −३, १. त्यांचे वर्ग १६, ९, ४, ४९, १, १२१, ९, १. बेरीज २१०. आठ गुणिले सात, म्हणजे ५६ ने भागलं, तर ३.७५ आले. हे सरासरीचं प्रसरण. वर्गमूळ काढलं की प्रमाण त्रुटी सुमारे १.९. साध्या सूत्राच्या १.३ पेक्षा ती जवळपास दीडपट आहे.

आठच आकडे असल्यामुळे ९५ टक्के खात्रीसाठी नेहमीच्या १.९६ ऐवजी २.३६५ ने गुणायचं. २६ च्या दोन्ही बाजूंना ४.६ धरले, म्हणजे साधारण २१ ते ३१.

बाईंनी हा हिशेब कागदावर स्वतः केला. नंतर मी त्यांना दोन आणखी सोप्या रीती दाखवल्या. पहिली: सर्वांत मोठा आकडा वजा सर्वांत लहान, भागिले उपनमुन्यांची संख्या. ३७ वजा १९ म्हणजे १८, भागिले ८ म्हणजे २.२५. उपनमुने दहाबाराच्या आत असतील, तर ही घाईतली प्रमाण त्रुटी खऱ्या हिशेबाच्या जवळ राहते. दुसरीत तर भागाकारही नाही. प्रत्येक उपनमुन्याचा अंदाज खऱ्या आकड्याच्या वर किंवा खाली पडण्याची शक्यता सारखीच असेल, तर हे आठ नाणी उडवण्यासारखं आहे. आठही एकाच बाजूला पडण्याची शक्यता २५६ मध्ये २. म्हणजे सर्वांत लहान ते सर्वांत मोठा, १९ ते ३७, या पट्ट्यात खरा आकडा असण्याची खात्री ९९ टक्क्यांहून जास्त. दोन्ही टोकांचा एकेक आकडा सोडला, तर २२ ते २९ हा पट्टा सुमारे ९३ टक्के खात्रीचा. हे ऐकून त्या म्हणाल्या, “हे मी माझ्या वरिष्ठांना समजावू शकेन.”

सहाव्या उपनमुन्याचं काय करायचं

३७ सगळ्यांच्याच डोळ्यांत भरला. एक पर्यवेक्षक म्हणाले, “सर, सहावा काढून टाका. त्या मुलीने काहीतरी घोळ घातलाय.”

काढला असता तर अंदाज २६ वरून २४.४ वर आला असता आणि प्रमाण त्रुटी १.९ वरून १.३ वर. अहवाल देखणा झाला असता. पण आठ आकड्यांत सर्वांत दूरचा आकडा सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं लांब असणं विलक्षण नाही. इथे प्रमाण विचलन, म्हणजे आठ आकड्यांचं सरासरीपासूनचं साधारण अंतर, ५.५, आणि ११ म्हणजे त्याची दुप्पट. नुसत्या योगायोगानेही असं घडतं. शिवाय आकडा आवडला नाही म्हणून उपनमुना टाकायचा, तर उरलेल्यांचा फरक हा प्रसरणाचा अंदाजच राहत नाही. आम्ही ठरवलं, आधी पाहायचं, मगच बोलायचं.

पर्यवेक्षकांनी सहाव्या उपनमुन्यातली ३० आणि चौथ्यातली ३० घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि तिथे पुन्हा मुलाखती घेतल्या. या वेळी घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन औषधाबद्दल विचारलं. सहाव्यातल्या ३० घरांत आधी ११ ‘हो’ होते, पुन्हाही ११. चौथ्यातल्या ३० घरांत आधी ६ ‘हो’ होते, आता ९ निघाले.

मग प्रगणकांशी बोललो. सहाव्या उपनमुन्याची प्रगणक सुरुवातीपासूनच घरातल्या माणसांच्या यादीवर बोट ठेवून एकेकाबद्दल विचारत होती. चौथ्याचा प्रगणक दारात जो भेटेल त्याला एकदाच विचारत होता, “घरात कुणी रोजचं औषध घेतं का?” प्रश्नावलीत वाक्य तसंच छापलं होतं, त्यामुळे तो चुकला असं म्हणता येत नाही. पण एवढ्या प्रश्नावर सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी किंवा वहिनीची थायरॉइडची गोळी आठवतेच असं नाही.

३० घरांचे आकडे लहान आहेत, त्यावरून टक्केवारी काढायची नाही. दिशा मात्र स्पष्ट होती. जो आकडा आम्ही काढून टाकणार होतो, तोच बहुधा सत्याच्या जास्त जवळ होता. बाकीच्या सातांपैकी बरेच खाली होते.

या पद्धतीची मर्यादा मला इथे डोळ्यांसमोर दिसली. उपनमुन्यांमधला फरक फक्त तीच चूक पकडतो जी उपनमुन्यागणिक बदलते. आठही प्रगणकांनी दारातूनच एकदा विचारलं असतं, तर आठ आकडे एकमेकांच्या जवळ आले असते, प्रमाण त्रुटी लहान दिसली असती, आणि सगळेच सारखे कमी असते. एक प्रगणक वेगळी वागली, म्हणूनच आम्हाला कळलं.

निष्पत्ती

अहवालात २६ टक्के आणि २१ ते ३१ हा पट्टा छापला. सहावा उपनमुना तसाच ठेवला. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात लिहिलं की प्रश्न विचारण्याच्या रीतीमुळे खरं प्रमाण या अंदाजापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, आणि ही कमतरता पट्ट्यात धरलेली नाही. साठा ३१ टक्के धरून ठरवला गेला.

नंतर एका सहकाऱ्याने तीच माहिती सॉफ्टवेअरमधून काढून पाहिली. वस्त्यांवर आधारलेली प्रमाण त्रुटी १.५ आली, आमची १.९. आमचा आकडा स्वतःच पाव भागाने डळमळीत असल्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. पण फरक त्याच दिशेचा होता, जी मला आधीपासून खटकत होती: एका प्रगणकाच्या दहा वस्त्या एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

पुन्हा करायचं झालं तर

मी उपनमुन्यांची संख्या बदलणार नाही. प्रगणकांचं वाटप बदलेन. आमच्या आराखड्यात उपनमुना आणि प्रगणक एकमेकांना चिकटलेले होते. ३७ मध्ये वस्त्यांचा वाटा किती आणि प्रगणकाचा किती, हे केवळ आकड्यांवरून सांगता येत नव्हतं, म्हणून पुन्हा मुलाखती घ्याव्या लागल्या. पुढच्या वेळी प्रत्येक स्तरातल्या काही वस्त्यांत निवडलेली घरं चिठ्ठीने दोन भागांत वाटून दोन प्रगणकांना देईन. वस्ती तीच असल्यामुळे त्या दोघांच्या आकड्यांतला फरक मुख्यतः विचारण्याचाच असेल. प्रवासही थोडाच वाढतो, कारण तसे फेरे फक्त त्या मोजक्या वस्त्यांपुरते असतात.

आणि तपासणीच्या मुलाखती शेवटी न घेता, दोन उपनमुने पूर्ण होताच घेईन. आमचे पहिले दोन उपनमुने तिसऱ्या आठवड्यातच संपले होते, आणि त्यांचे २२ आणि २९ हे आकडे तेव्हाच आमच्या हातात होते. त्या सात टक्क्यांच्या फरकाकडे आम्ही योगायोग म्हणून पाहिलं. तो योगायोग असेलही, पण त्याच आठवड्यात प्रत्येकी वीस घरं पुन्हा विचारली असती, तर दारातल्या त्या एका प्रश्नाचा दोष उरलेल्या सहा उपनमुन्यांत दुरुस्त करता आला असता.